उरलेल्या ०.४ टक्क्यांतला ढग

मुंबई विमानतळावरून ठरावीक वेळाने हवामानाचा एक छोटा संदेश निघतो. वारा, दृश्यमानता, हवेचा दाब अशा सांकेतिक आकड्यांच्या गर्दीत त्यात `29/25` अशी एक जोडी असते. तिरप्या रेघेच्या डावीकडे हवेचं तापमान, उजवीकडे दवबिंदू. हवा जितकी थंड केल्यावर तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटू लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, कारण बाटलीचा पृष्ठभाग खोलीतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असतो.

जाणता माणूस ही जोडी वाचतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करतो. एकोणतीसातून पंचवीस गेले, उरले चार. चाराला सव्वाशेने गुणलं की पाचशे. जमिनीवर तापून वर चढणाऱ्या हवेचे ढग झाले, तर त्यांचा तळ साधारण पाचशे मीटरवर असेल. सव्वाशेचा हिशोब सोपा आहे. वर जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. तिचा दवबिंदूही उतरतो, पण सावकाश, किलोमीटरला सुमारे १.८ अंश. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरमागे आठ अंशांनी मिटत जातं आणि एक अंश मिटायला हजार भागिले आठ, अर्थात १२५ मीटर लागतात. (श्रावणात आभाळभर पसरलेल्या थरांच्या ढगांना हा नियम लागू पडत नाही. तो दुपारी उन्हाने फुगणाऱ्या ढगांचा आहे.)

ढगांच्या तळाला `29/25` आणि `35/31` या दोन्ही जोड्या सारख्याच. एका दिवशी माणूस घामाने हैराण आणि दुसऱ्या दिवशी जरा बरा, पण दोन्हीकडे फरक चारच. दोन आकडे मिळून किती मोठे आहेत याचा ढगाशी संबंध नाही. संबंध आहे तो त्यांच्यातल्या फटीशी.

आता हीच दोन मापं संख्याशास्त्रातल्या एका फार वापरल्या जाणाऱ्या यंत्रात घालू आणि काय होतं ते पाहू. यंत्राचं नाव प्रिन्सिपल कंपोनंट अॅनालिसिस, बोलीत पीसीए, मराठीत मुख्य घटक विश्लेषण. १९०१ साली कार्ल पिअरसन यांनी ते भूमितीचा प्रश्न म्हणून मांडलं: बिंदूंचा पुंजका दिलेला असेल तर त्याच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा कोणती? १९३३ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी मानसशास्त्रीय चाचण्यांच्या गुणांसाठी ते पुन्हा, स्वतंत्रपणे उभं केलं आणि आज वापरात असलेलं नाव दिलं. काम एकच आहे. रकाने फार झाले की ते थोडक्यात आणणं. शंभर रकान्यांच्या जागी दहा नवे रकाने बनवायचे, असे की जुन्यांतलं शक्य तितकं त्यांत यावं. "शक्य तितकं" म्हणजे काय, इथेच पुढचा सगळा घोटाळा दडलेला आहे.

हाताने गणित करता यावं म्हणून पाच दिवसांच्या नोंदी घेऊ. या मी गणित सोपं जावं म्हणून बनवलेल्या आहेत, कुठल्या वेधशाळेच्या नाहीत. शेवटचा रकाना सव्वाशेच्या नियमाने काढलेला.

| दिवस | तापमान | दवबिंदू | फरक | ढगांचा तळ (मीटर) |
|---|---|---|---|---|
| पहिला | ८ | ५ | ३ | ३७५ |
| दुसरा | १४ | ५ | ९ | ११२५ |
| तिसरा | १५ | १० | ५ | ६२५ |
| चौथा | १६ | १५ | १ | १२५ |
| पाचवा | २२ | १५ | ७ | ८७५ |

सरासरी तापमान १५, सरासरी दवबिंदू १०. प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब? तापमानासाठी: −७, −१, ०, १, ७. यांचे वर्ग करून बेरीज केली की शंभर होतात. दिवसांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे चाराने, भागलं की २५. या २५ला व्हेरिअन्स म्हणतात, मराठी पुस्तकांत विचरण. आकडे सरासरीभोवती किती फाकले आहेत याचं ते माप. दवबिंदूसाठी लांबी −५, −५, ०, ५, ५. त्याचंही विचरण २५.

दोघांचं एकमेकांशी किती जमतं याचंही असंच माप काढता येतं. एकाच दिवसाच्या दोन लांब्यांचा गुणाकार करायचा, पाच दिवसांची बेरीज घ्यायची आणि पुन्हा चाराने भागायचं. ३५, ५, ०, ५, ३५, बेरीज ८०, उत्तर २०. याला सहविचरण म्हणतात. तापमान चढलं की बहुधा दवबिंदूही चढतो, असं हे २० सांगतात. थंडीत दोन्ही खाली, उन्हाळ्यात दोन्ही वर. चारही आकडे एका चौकोनात लिहिले की पीसीएला लागणारा सगळा कच्चा माल तयार होतो:

```
C = [ 25  20 ]
    [ 20  25 ]
```

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दवबिंदू आणि पाच दिवसांचे पाच ठिपके. ठिपक्यांच्या मधोमध, म्हणजे (१५, १०) या जागी, एक पट्टी ठेवा आणि प्रत्येक ठिपक्यातून पट्टीवर लंब टाका. लंब जिथे पडले ते पट्टीवर वाचा. पट्टी आडवी असेल तर आपण फक्त तापमान वाचतो आहोत, म्हणून वाचलेल्या आकड्यांचं विचरण २५. पट्टी तीस अंशांनी उचलली की ते ४२.३ होतं, पंचेचाळीसला ४५. आणखी उचलली की उतरायला लागतं आणि पट्टी उभी झाली की पुन्हा २५. उलट्या बाजूला कललेल्या, १३५ अंशांच्या पट्टीवर ते अवघं ५ भरतं. एक गंमत म्हणजे एकमेकांना काटकोनात असलेल्या कुठल्याही दोन पट्ट्यांवरच्या विचरणांची बेरीज केली तर ती पन्नासच येते. फाकण्याचा एकूण साठा ठरलेला आहे. पट्टी फिरवून आपण फक्त त्याची वाटणी बदलतो.

पीसीए सर्वांत मोठा वाटा मिळणारी पट्टी शोधतं. तो झाला पहिला घटक. मग तिला काटकोनात असलेल्या दिशांतून उरलेल्यातला सर्वांत मोठा वाटा देणारी पट्टी, तो दुसरा. रकाने जास्त असतील तर तिसरा, चौथा, असंच पुढे.

प्रत्येक कोनात पट्टी ठेवून पाहत बसायचं म्हटलं तर दोन रकान्यांत जमेल, दोनशे रकान्यांत नाही. इथे आयगेनव्हेक्टर कामाला येतो. वरच्या चौकोनाला एक यंत्र समजा. त्यात एक बाण घातला की दुसरा बाण बाहेर येतो. (१, ०) हा आडवा बाण घाला, (२५, २०) येतो. लांब झाला आणि वळलाही, कारण तो आता तिरका वर पाहतो आहे. (२, १) घाला, (७०, ६५) येतो. हाही वळला. पण (१, १) घातला तर (४५, ४५) येतो. पंचेचाळीस पट ताणला गेला, दिशा मात्र तीच. (१, −१) घातला तर (५, −५). पाच पट ताणला, पुन्हा दिशा तीच. यंत्रातून जाऊनही जे बाण वळत नाहीत ते त्या यंत्राचे आयगेनव्हेक्टर, आणि किती पट ताणले गेले तो आकडा आयगेनव्हॅल्यू. जर्मन भाषेत "आयगेन" म्हणजे स्वतःचा. यंत्राच्या स्वतःच्या दिशा.

न वळणारे बाण आणि सर्वाधिक-सर्वांत कमी विचरणाच्या पट्ट्या एकच निघाल्या, ४५ आणि ५ हे आकडेही तेच निघाले. हा योगायोग नाही, आणि कारण सूत्रांशिवाय सांगता येतं. यंत्र बाणाला ज्या बाजूला ओढतं, त्या बाजूला पट्टी किंचित सरकवली की तिच्यावरचं विचरण वाढतं. आडवा बाण वर ओढला गेला, म्हणून आडवी पट्टी वर उचलल्यावर २५चे ४२ झाले. आता समजा पट्टी अशा जागी आहे की विचरण याहून वाढूच शकत नाही. मग तिथे बाणाला बाजूला ओढणारं काही उरलेलं नसणार, कारण उरलं असतं तर त्या बाजूला सरकून आणखी वाढ मिळाली असती. म्हणजे तिथे बाण ताणला जाईल, पण वळणार नाही. शिखरावर उभ्या असलेल्या माणसाला कुठल्याच बाजूला चढ नसतो, तसं. सर्वांत कमी विचरणाच्या पट्टीलाही हाच तर्क उलटा लागू होतो.

संगणकावर ही सगळी कसरत एका ओळीची असते:

```python
import numpy as np
C = np.array([[25, 20], [20, 25]])
print(np.linalg.eigh(C))
```

`eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देतं, म्हणजे आधी ५ आणि मग ४५. घाईत पहिलाच स्तंभ "पहिला घटक" म्हणून उचलणारे मी पाहिलेत. बाणांची चिन्हं उलटसुलट आली तरी घाबरू नये. पट्टीचं कुठलं टोक अधिक म्हणायचं हे कोणी ठरवून दिलेलं नसतं.

तर आपल्या पाच दिवसांचा निकाल असा. पहिला घटक तापमान आणि दवबिंदू यांची बेरीज, वाटा पन्नासातले ४५, म्हणजे ९० टक्के. दुसरा घटक तापमान वजा दवबिंदू, वाटा १० टक्के. अहवालात वाक्य काय येणार हे उघड आहे: "एकाच घटकात ९० टक्के माहिती राखली गेली, सबब दुसरा वगळला."

वगळून काय झालं ते पाहू. दुसरा घटक टाकला म्हणजे प्रत्येक ठिपका पंचेचाळीस अंशांच्या पट्टीवर जिथे लंब पडला तिथे नेऊन बसवला. तिथून परत अंशांत वाचलं तर पहिल्या दिवसाचे ८ आणि ५ हे आता ९ आणि ४ झाले आहेत. दुसऱ्याचे १४ आणि ५ झाले १२ आणि ७. चौथ्याचे १६ आणि १५ झाले १८ आणि १३. पाचव्याचे २१ आणि १६. तिसरा होता तिथेच आहे, १५ आणि १०. आकडे फार हललेले नाहीत, एक-दोन अंश इकडेतिकडे. पण प्रत्येक दिवसाची वजाबाकी करून पाहा. पाच, पाच, पाच, पाच, पाच. ढगांचा तळ रोज ६२५ मीटर. दुसऱ्या दिवशी तो खरा ११२५वर होता आणि चौथ्या दिवशी १२५वर, जमिनीला टेकल्यासारखा. या आकड्यांवर कितीही हुशार मॉडेल चढवा, रेषेचं, झाडाचं की न्यूरल नेटवर्कचं, त्याला चौथ्या दिवसाचा ढग दिसणार नाही. तो त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच पुसला गेला आहे.

हे उदाहरण माझ्या डोक्यातलं नाही. आकडे माझे, कल्पना इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ इयन जॉलिफ यांची. मुख्य घटकांवर त्यांचं पुस्तक या विषयातलं प्रमाण मानलं जातं. १९८२ साली त्यांनी एक छोटं टिपण लिहिलं, कारण कमी विचरणाचे घटक अंदाजाच्या कामाचे नसतात असं तेव्हा अनेक जण गृहीत धरून चालले होते. जॉलिफ यांनी ढगांच्या तळाचं उदाहरण आधी तर्काने मांडलं आणि मग वेल्समधल्या कार्डिफ विमानतळाच्या १९६६ ते १९७३ या काळातल्या नोंदींवर तपासलं. तापमान, दवबिंदू आणि जोडीला समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, असे तीन रकाने. तीन घटक निघाले. शेवटचा जवळजवळ तापमान वजा दवबिंदू असाच होता. एकूण विचरणात त्याचा वाटा ०.४ टक्के. ढगांच्या तळाचा अंदाज करताना तिघांत सर्वांत महत्त्वाचा ठरला तोच, आणि तोही सहज.

माझ्या नमुन्यात वाटा १० टक्के होता, त्यामुळे कडक नियम लावणारा माणूस कदाचित वाचला असता. कार्डिफमध्ये ९५ टक्के राखायचा नियम लावा किंवा ९९चा, तो घटक जातोच. आज पायथनच्या scikit-learn मध्ये `PCA(n_components=0.95)` एवढं लिहिलं की ९५ टक्के विचरण भरेपर्यंतचे घटक ठेवून बाकीचे निमूटपणे टाकले जातात. इशारा वगैरे काही येत नाही, आणि येणार तरी कसा? ढगांचा तळ नावाचा रकाना पीसीएला कधी दाखवलेलाच नसतो. आपल्याला उत्तर कशाचं हवंय हे त्याला माहीत नाही. आकडे कुठे फाकले आहेत एवढंच ते पाहतं, आणि जिथे आकडे जास्त फाकले तिथेच आपलं उत्तर असेल, ही समजूत आपली.

जॉलिफ यांनी त्याच टिपणात इतरांच्या प्रकाशित कामातली उदाहरणंही दिली, आणि त्यातलं एक आपल्या अंगणातलं आहे. कुंग आणि शरीफ यांनी १९८० साली भारतातल्या मोसमी पावसाच्या आगमनाची तारीख वर्तवण्याचा प्रयत्न केला होता. हवेच्या वरच्या थरांतली दहा मापं, त्यांचे दहा घटक. अंदाजासाठी सर्वांत महत्त्वाचे ठरलेले घटक क्रमाने असे: आठवा, दुसरा आणि दहावा. दहांतला दहावा, म्हणजे विचरणाच्या रांगेत अगदी शेवटी उभा असलेला. दरवर्षी मेअखेर ज्या तारखेकडे सगळा शेतकरी डोळे लावून बसतो, तिचा धागा त्याच्या हातात होता. ही पद्धत पुढे मोडीत निघाली असं मात्र नाही. आपलं हवामान खातं २००५पासून केरळातल्या आगमनाची तारीख आधी जाहीर करतं, आणि पै व राजीवन यांनी २००९ साली त्या अंदाजाची जी पद्धत मांडली, तीही मुख्य घटकांवरच्या समाश्रयणाची, म्हणजे रिग्रेशनची आहे. त्यात मापं सहा आहेत.

मग लोक छोटे घटक टाकतात ते काय अडाणीपणाने? नाही. त्यामागे भक्कम कारण आहे. अंदाजाचं समीकरण जुळवताना प्रत्येक घटकाला एक गुणक द्यावा लागतो, आणि ठिपके ज्या दिशेने फार फाकलेले नाहीत त्या दिशेचा गुणक नीट ठरत नाही. हातभर अंतरावरच्या दोन खुणांवरून काढलेली लांब रेघ सरळ येते, बोटभर अंतरावरच्या खुणांवरून काढलेली भरकटते. आपल्या चौकोनात ४५ आणि ५ यांचं गुणोत्तर नऊ आहे. दुसऱ्या घटकाच्या गुणकातली अनिश्चितता पहिल्याच्या तिप्पट असते, नऊचं वर्गमूळ म्हणून. नोंदी मोजक्या असतील तर असा डळमळीत गुणक ठेवण्यापेक्षा टाकलेला परवडतो. एक ठरावीक चूक पत्करायची आणि डळमळ टाळायची, असा तो सौदा आहे. कधी फायद्याचा, कधी आतबट्ट्याचा.

कधी कुठला, हे चौकोनावरून कळत नाही. समजा तापमान आणि दवबिंदूऐवजी एकाच खांबावर दोन थर्मामीटर टांगले आहेत, जरा सुमार दर्जाचे, आणि योगायोगाने त्यांच्या नोंदींचा चौकोनही तोच आला: २५, २०, २०, २५. घटक तेच, वाटे तेच, ९० आणि १०. पण आता बेरीज म्हणजे खरं तापमान आणि वजाबाकी म्हणजे दोन उपकरणांच्या चुका. इथे दुसरा घटक टाकणं अगदी योग्य. तोच चौकोन, तेच आयगेनव्हेक्टर आणि निर्णय बरोबर उलटा. फरक करणारी गोष्ट चौकोनाबाहेर आहे. रकान्यांत काय मोजलंय आणि विचारायचंय काय, ही ती गोष्ट.

"९० टक्के" हा आकडाही दिसतो तितका टणक नाही. फक्त तापमानाचा रकाना फॅरनहाइटमध्ये लिहा, दवबिंदू सेल्सिअसमध्येच राहू द्या. हवा तीच, दिवस तेच. पण अंशाला १.८ने गुणल्यामुळे तापमानाचं विचरण २५चं ८१ होतं, सहविचरण ३६. पहिल्या घटकाची पट्टी पंचेचाळीस अंशांवरून घसरून सव्वीसवर येते आणि तिचा वाटा ९०चा ९३ होतो. कुठलं नवं ज्ञान मिळालं? काहीच नाही. म्हणून रकान्यांची एककं वेगवेगळी असतील तर आधी प्रत्येक रकाना त्याच्या प्रमाण विचलनाने भागून एका मापावर आणतात. हे करायलाच हवं, पण त्याने ढग वाचत नाही. एका मापावर आणून गणित केलं तरी वाटणी पुन्हा ९० आणि १०.

आता तक्त्यात "फरक" हा तिसरा रकाना आपणच घाला, तापमान वजा दवबिंदू. त्यात नवी माहिती शून्य, पहिल्या दोनांतून काढलेला आहे. तिन्ही रकाने एका मापावर आणा आणि पीसीए चालवा. वाटे येतात ६० टक्के, ४० टक्के आणि शून्य. फटीचा घटक, जो आत्ताच १० टक्क्यांवर मरणपंथाला लागला होता, तो एका वजाबाकीने चाळीसवर गेला. (गणित तपासून पाहायचं असेल तर रकान्यांचे परस्परसंबंध ०.८, ०.३१६ आणि −०.३१६ येतात.) विचरणाचा टक्का हवेचा गुणधर्म नाही. आपण तक्ता कसा मांडला त्याचा आहे. हवामानशास्त्रज्ञ असता तर फरक मुळातच रकाना म्हणून दिला असता, कारण त्याला फटीचं महत्त्व ठाऊक आहे. जिथे असा जाणकार जवळ नसतो, तिथेच पीसीए डोळे मिटून चालवलं जातं, हे मला या विषयातलं खरं दुखणं वाटतं.

नुकसान झालंय हे ओळखायचं कसं? विचरणाच्या उतरत्या आलेखाकडे पाहून नाही. तो आलेख बहुतेक जण पाहतात, त्यात कोपर कुठे दिसतो ते शोधतात आणि तिथे कात्री लावतात. त्यात उत्तराचा रकाना नसल्यामुळे तो याबाबत मुका आहे. पहिली तपासणी साधी: घटक काढा, पण टाकू नका. प्रत्येकाचा, अगदी शेवटच्याचाही, उत्तराशी किती संबंध आहे ते शेजारी लिहा. विचरणाच्या रांगेत शेवटचा आणि संबंधाच्या रांगेत पहिला असा कोणी निघाला, की थांबा. दुसरी तपासणी आपण वर केली तीच. कापलेल्या घटकांवरून मूळ एककांत परत या आणि काय सपाट झालं ते पाहा. पाच दिवस एकसारखा पाचाचा फरक दिसला की पुढे काही सांगावं लागत नाही. ही तपासणी फारसं कोणी करत नाही, आणि ती समजायला सर्वांत सोपी आहे.

तिसरी म्हणजे किती घटक ठेवायचे हे टक्क्यावर न ठरवता अंदाजातल्या चुकीवर ठरवणं. नोंदींचे पाच-दहा गट करायचे, दरवेळी एक बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकायचं आणि बाजूला ठेवलेल्यावर चूक मोजायची. एक घटक, दोन घटक, सगळे घटक आणि पीसीएशिवायचं साधं मॉडेल, सगळ्यांची चूक शेजारीशेजारी. इथे एक काळजी घ्यावी लागते. सरासरी, मापावर आणणं आणि पीसीए हे तिन्ही दरवेळी फक्त शिकायच्या नोंदींवरून काढायचे. आधी सगळ्या नोंदींवर पीसीए चालवून मग गट पाडले, तर परीक्षेचा पेपर थोडा फुटलेला असतो आणि चूक खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. scikit-learn मध्ये `Pipeline` यासाठीच आहे. घटकच उत्तराकडे पाहून काढायचे असतील तर पार्शल लीस्ट स्क्वेअर्स नावाची सख्खी चुलत पद्धत आहे. ती विचरणाऐवजी उत्तराशी असलेलं सहविचरण मोठं करते. आपल्या पाच दिवसांवर ती पहिल्याच पावलाला (१, −१) ही दिशा धरते.

वैद्यकीय, बँकेचं, शेतीचं, कुठलंही विश्लेषण असो, "९५ टक्के माहिती राखली" असं वाक्य अहवालात दिसलं की त्यातला "माहिती" हा शब्द खोडून तिथे "विचरण" लिहा. मग अहवाल करणाऱ्याकडे टाकलेल्या घटकांची यादी आणि प्रत्येकापुढे त्याचा उत्तराशी असलेला संबंध, एवढा एक तक्ता मागा. तो दहा मिनिटांचं काम आहे. मिळाला नाही, तर तो कोणी काढलेला नाही असं समजा.